‘मि’ ऱ्हस्व

व्याकरणाच्या प्राध्यापकाला परदेशी राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा लांबलचक संदेश आला, तेव्हा त्याने तो वाचला नाही, तपासला. वडिलांच्या संधिवातासाठी रजा काढून ती काही महिने त्यांच्यापाशी राहिली होती. परत जाताना तिने बाबांना दादाच्या घरी पोहोचवले आणि विमानतळावरून हे लिहून पाठवले: पांढरी सकाळी उपाशीपोटी, रक्तदाबाची न्याहारीनंतर, ‘वाराची पिवळी रात्री जेवणानंतर, नियमीत दे, चुकवू नकोस.’ तिथे मोबाइलने मजकूर कापून ‘आणखी वाचा’ अशी निळी अक्षरे दाखवली होती. प्राध्यापकाने उत्तर धाडले: “नियमित. ‘मि’ ऱ्हस्व.” आणि खाली एक अंगठा.

“बरं गुरुजी,” धाकटीने लिहिले होते.

मग त्याने सात कप्प्यांची डबी आणली. प्रत्येक कप्प्यावर एकेका वाराचे अक्षर होते. वाराची गोळी म्हणजे प्रत्येक वाराला एक, हा त्याने लावलेला अन्वय निर्दोष होता. अन्वय नेहमीच निर्दोष असतात.

“अरे, काल झाला की माझा वार,” दुसऱ्याच रात्री बाबा म्हणाले. उभा जन्म घड्याळे दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. आता बोटे वाकली होती, पण वार-तारीख चुकत नव्हती.

“बाबा, नियमित म्हणजे रोज. कोशात पाहून सांगू?”

“नको. तुझ्या कोशापेक्षा गोळी लहान आहे,” असे म्हणून बाबांनी ती गिळली. लेकाशी वाद घालण्यापेक्षा औषध सोपे, हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात बाबांनी जेवणाचे ताट सरकवले. तोंड जळते म्हणाले. कवळी टोचत असेल म्हणून प्राध्यापकाने ती घासून आणली. अंग कोमट लागले, तर खिडकी लावली. सुनेने डॉक्टरांचे नाव काढताच तो म्हणाला, “म्हातारपणी जिभेचे चोचले वाढतात. धाकटीनं लाडावून ठेवलेत.” गोळी मात्र त्याने एकदाही चुकवली नाही.

रविवारी दुपारी धाकटीचा व्हिडिओ कॉल आला.

“बाबा, बोलत का नाही? आ करा बघू.”

बाबांनी आ केला. ओठांच्या आत, जिभेवर, टाळूला पांढरट जखमा होत्या. हनुवटीखाली शाईचे थेंब उडावेत तसे जांभळे ठिपके होते. पडद्यावरचा चेहरा दगड झाला.

“दादा, वाराची गोळी कधी दिलीस?”

“रोज. अगदी नियमित.”

धाकटीच्या हातून फोन निसटला, पडदा काळा झाला. नेटवर्क गेले असावे असे त्याला वाटले; म्हणजे वाटावे अशी त्याची इच्छा होती.

“ती आठवड्यातून एकदा असते, दादा. दर बुधवारी. बाबांचा वार म्हणजे बुधवार. खाली लिहिलंय सगळं. आत्ता उठ, इस्पितळात ने. गोळ्यांचं पाकीट बरोबर घे.”

त्याने निळ्या अक्षरांवर बोट ठेवले. मजकूर उलगडला. ‘वार म्हणजे बुधवार, फक्त बुधवार. उरलेल्या सहा दिवशी फोलिक ॲसिड. तीही पिवळीच, पाकीट बघून दे. वाराची चुकून रोज गेली तर विष आहे. तोंडात फोड, ताप, घसादुखी, अंगावर डाग, धाप, यातलं एक जरी दिसलं तरी गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. वाट बघू नकोस.’ या साऱ्या मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी पाकिटावरचे नाव वाचले. “मिथोट्रेक्सेट? रोज? कोण देत होतं?”

“मी.”

त्यांनी एकदाच वर पाहिले. रक्त तपासायला गेले, अहवाल आला: पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या, प्लेटलेट्स घसरल्या होत्या, मूत्रपिंडावरही ताण होता. सलाइन लागले, उतारा टोचला.

“हे फोलिक ॲसिडच ना?” त्याने विचारले.

“फोलिनिक. मधल्या एका अक्षराचा फरक आहे, पण इथे तोच कामाचा. पेशी परत वाढतात का, ते येत्या काही दिवसांत कळेल. आज मी कसलीच खात्री देत नाही.”

वेगळ्या खोलीत, मास्क लावलेल्या माणसांत बाबा डोळे मिटून पडले होते. त्यांना बोलता येत नव्हते. दाराशी नर्स संमतिपत्र घेऊन आली आणि सवयीने म्हणाली, “नातेवाईक? सही करणार की अंगठा?”

प्राध्यापकाने तिच्याकडे पाहिले. मग कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

“अहो सर, त्यात विशेष काही नसतं. खाली सही करा.”

“थांबा,” तो म्हणाला. “खाली काय लिहिलंय, ते वाचू द्या.”