चार चादरींचं बजेट

बजेटचा महिना आला की हॉस्पिटलातले सगळे विभाग एकाएकी गरीब व्हायचे. एक्स-रेवाल्यांचं मशीन खोकायला लागायचं, स्वयंपाकघरातल्या कढयांना भोकं दिसायची, आणि तळघरातली लाँड्री तर दरवर्षी शेवटचे श्वास मोजत असायची. लाँड्रीची प्रमुख या सोंगात आता तीन वर्षांची मुरलेली होती. तिच्या आधीच्या प्रमुखाने जाताना किल्ल्यांसोबत एकच मंत्र दिला होता, "जे लागेल त्यावर दहा टक्के चढव. वरचे लोक दहा कापतात. सगळे सुखी."

कापणाऱ्या जुन्या हिशेब अधिकाऱ्याला सगळे 'करवत' म्हणायचे. करवत न बघता कापायचा, ही त्याची मोठीच कृपा होती. पण यंदा करवत निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीत एक इतकं हळू बोलणारा गृहस्थ येऊन बसला, की आठवड्याभरात त्याचं नाव मऊसाहेब पडलं. मऊसाहेबांचं परिपत्रकही तसंच मऊ होतं. खाटा तेवढ्याच, दरही तेवढेच, म्हणजे जमा वाढणार नाही. खर्च मात्र वाढतोय. तेव्हा प्रत्येक विभागाने गेल्या वर्षीच्या रकमेतच भागवावं, वाढ मागायची तर पुराव्यासकट मागावी, आकडे कृपया फुगवू नयेत, आणि कंत्राटी जागांचा आधी विचार व्हावा.

"कृपया म्हणतोय," मशीनवाले मामा म्हणाले. "म्हणजे नक्की कापणार."

मामा लाँड्रीतल्या सगळ्या यंत्रांचे मालक असल्यासारखे वागायचे आणि प्रमुखीणबाईंना ताई म्हणायचे. पण तिचं लक्ष मामांकडे नव्हतंच. ते होतं परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीवर. लाँड्रीत कंत्राटी जागा एकच होती, शिवणकाकूंची. तळघराच्या एकुलत्या एका खिडकीखाली बसून काकू फाटक्या चादरी शिवायच्या. दरवर्षी त्यांचं कंत्राट संपायचं, आणि दरवर्षी नवीन निघेपर्यंत काकू जेवायच्या नाहीत धड. प्रमुखीणबाईंची छोटी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा याच काकूंनी कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे तिला अर्धा दिवस मांडीवर झोपवलं होतं, कुणाला पत्ता लागू न देता. ते काही बजेटात मांडता येत नाही. पण डोक्यातून काढताही येत नाही.

"काकूंची जागा राहिली पाहिजे," तिने सगळ्यांना सांगितलं. "म्हणून आकडे नीट द्या."

आणि सगळ्यांनी तिच्यावरच्या प्रेमाने नीट आकडे दिले.

ती रविवारी दुपारी बजेट टाइप करायला बसली. नवरा भांडी घासत होता. तीन वर्षांची छोटी तिच्या मांडीवर बसून एका बोटाने मदत करत होती, त्यामुळे साबणाच्या पावडरीचा खर्च दोनदा अब्जावर गेला आणि खाली आणावा लागला.

"आई, हे काय?"

"पैसे मागतेय, सोन्या."

"मग 'प्लीज' लिही ना!"

तिने छोटीला खाली ठेवलं, छोटी परत चढली, आणि या चढउतारात एकेका ओळीवर दहा टक्के चढवून बजेट तयार झालं. बेरीज बघायला सवड झाली नाही. बेरीज संगणक करतो, त्यात काय बघायचं?

मऊसाहेबांनी मात्र बेरीजच बघितली होती. सोमवारी त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि चष्मा पुसला.

"बाई, पावडरचा भाव आठ टक्के वाढलाय. कंपनीचं पत्र तुम्ही जोडलंय, छान केलंत. पण तुम्ही मागितलेत चव्वेचाळीस टक्के जास्त."

"हं," ती म्हणाली.

"खाटा तेवढ्याच आहेत. आज एका पेशंटमागे दिवसाला तीन चादरी धुता. तुमच्या हिशेबाने पुढच्या वर्षी चार होतात." त्यांनी खरोखरच काळजीने विचारलं, "पुढच्या वर्षी काही होणार आहे का?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी कापणार नाही," मऊसाहेब म्हणाले. "न बघता कापलं तर चुकीचं कापलं जातं. तुम्हीच कापा. उद्या संध्याकाळपर्यंत आणा. आणि एक... ती शिवणकामाची कंत्राटी जागा. जागेचा खर्च दिसतो, तिचा फायदा कुठेच दिसत नाही. बघा."

ती तळघरात उतरली ती वाफेच्या इंजिनासारखी. इस्त्रीच्या खोलीचं दार लावलं आणि मामांना नि स्टोअरवालीला समोर उभं केलं. स्टोअरवालीच्या ताब्यात कापडाची कपाटं होती, आणि त्यांच्या किल्ल्या ती मंगळसूत्रासारख्या गळ्यात घालायची.

"पावडरीवर वरचे दहा कोणी लावले?"

"मी," मामा छाती काढून म्हणाले. "तुम्ही म्हणालात ना, नीट द्या."

स्टोअरवाली मामांकडे वळली. "तुम्ही लावले? अहो, मग मी कशाला लावले? मला वाटलं तुम्ही भोळे आहात!"

"मी भोळा?"

"आणि तुम्हा दोघांच्या वर मी लावले," ती खुर्चीत बसत म्हणाली. "दहावर दहा, त्यावर दहा. आपण तिघांनी मिळून पेशंटला चौथी चादर पांघरली."

मग मामाच आधी हसले, पोट धरून, आणि त्यांच्यामागून स्टोअरवाली, आणि ती स्वतः इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

बाहेर खिडकीखालचं शिलाई मशीन थांबलं होतं, आणि काकू हातातल्या चादरीसकट दार ढकलून उभ्या होत्या.

"माझ्यासाठी केलंत होय हे सगळं?" काकू म्हणाल्या. "अगं बायांनो, माझ्याचसाठी माझा गळा कापलात!"

मग ओळी उतरवायला सुरुवात झाली. एकेक दहा काढताना स्टोअरवाली असा चेहरा करत होती जणू दात काढतायत. शेवटी खरा आकडा उरला, गेल्या वर्षीपेक्षा सात टक्के जास्त. त्यातले चार पगारकराराचे आणि विजेच्या नव्या दराचे. त्यांची पत्रं होती, ते कुणाला टाळता आले नसते. राहिले तीन, पावडरीचे आणि बारीकसारीक खर्चाचे; ते लाँड्रीला आपल्याच रकमेत कुठेतरी कापून भरायचे होते. काकूंचा वर्षाचा पगार जवळपास तेवढाच होता.

सगळ्यांना ते एकदमच दिसलं, आणि कुणीच काकूंकडे बघेना.

"काढा की मग मला," काकू म्हणाल्या. "असे तोंडं लपवून काय बसलात? मी काय आंधळी आहे?" पण बोलताना त्यांनी हातातली चादर अशी घट्ट धरली होती, जणू कुणी ती ओढून नेणार होतं.

तिने त्या चादरीकडे बघितलं. कोपऱ्यात शिक्का होता. स्टोअरवाली प्रत्येक नव्या चादरीवर खरेदीचं साल मारायची. हे साल पाच वर्षांपूर्वीचं होतं.

"नव्या चादरींची मागणी तू कशावरून काढतेस?" तिने स्टोअरवालीला विचारलं.

"नियमावरून. दोन वर्षं झाली की चादर बाद. जेवढ्या बाद, तेवढ्या नव्या."

"आणि खरंच बाद करतेस?"

स्टोअरवालीचा हात गळ्यातल्या किल्ल्यांवर गेला. "आता... काकू इतक्या छान शिवतात. टाकवत नाही."

"मग नव्या येतात त्या कुठे जातात?"

मामांनी छताकडे बघितलं. मामांना माहीत होतं, हे उघड होतं.

कापडाच्या खोलीत शिडी लावली. वरच्या कप्प्यात, छतापर्यंत, न उघडलेले गठ्ठे होते. "तपासणीला लागतात," स्टोअरवाली खालून म्हणत होती. "पाहुणे येतात. साथ आली तर? माझ्या आईने सांगितलंय, घरात चार चांगल्या चादरी बाजूला हव्यात."

"चार!" ती शिडीवरून ओरडली. "अगं, इथे लग्नाचं अख्खं वऱ्हाड झोपेल!"

दुसऱ्या दिवशी तिने कागद पाठवले नाहीत. मऊसाहेबांनाच तळघरात बोलावलं. ते आले, जिन्यावर डोकं आपटून घेतलं, आणि सॉरी म्हणाले, जिन्याला. तिने त्यांच्यासमोर वापरातल्या चादरींचा एक कप्पा रिकामा केला.

"तुम्हीच शिक्के बघा, साहेब."

त्यांनी बघितले. आधी उभ्याने, मग स्टुलावर, मग खाली बसून. निम्म्याहून जास्त चादरी नियमाने कधीच्या बाद व्हायला हव्या होत्या, आणि त्या जवळजवळ सगळ्यांवर काकूंचे टाके होते, इतके सपाट की बोट फिरवून शोधावे लागत. बघून झालेली चादर मऊसाहेब घडी घालून ठेवत होते. मामांनी त्यांना दोनदा घडी सुधारायला लावली.

"नव्या चादरींची मागणी निम्म्यावर आणतेय," ती म्हणाली. "वरचे तीन टक्के त्यातून जातात. जरा उरतातही. काकू राहतात."

मऊसाहेबांनी शिडीकडे मान वर केली. "पण वर इतका साठा आहे. मग यंदा शिवणाऱ्याचीही गरज नाही, असं कुणी म्हणेल."

ही शंका निघणार हे तिला ठाऊकच होतं. "म्हणेल. साठा वर्षभर पुरेल. तोवर शिवणारं कुणी नसेल तर या चादरी चिंध्या होतील, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी तुमच्याकडे दुप्पट चादरी मागेन. तेव्हा मागणी फुगवलेली नसेल, साहेब. तेव्हा ती खरीच असेल."

ते बराच वेळ बोटाखालचा एक टाका चाचपत राहिले. पलीकडे धुण्याचं मोठं मशीन गरगरत होतं, आणि काकू सुई न हलवता बसल्या होत्या.

"मग ही जागा कंत्राटी मजुरीत कशी काय?" मऊसाहेब म्हणाले. "खर्चाच्या चुकीच्या हेडखाली आहे. मजुरीत राहिली तर दरवर्षी पहिली हिच्यावरच नजर जाणार. कापडाच्या देखभालीत टाका. तिथे चादरीच्या खर्चाशेजारी तिचा फायदाही दिसेल, आणि देखभालीला दरवर्षी नव्याने मंजुरी लागत नाही." ते उठले, गुडघे झटकले. "चार टक्के वाढ मी वर नेतो. पत्रं आहेत, अडायचं काही कारण नाही. वरचा साठा मात्र वापरात काढा."

स्टोअरवालीने डोळ्यांना पदर लावला. तो साठ्यासाठी होता.

मऊसाहेब जिना चढून गेल्यावर काकूंनी हळूच विचारलं, "म्हणजे काय झालं गं? ठेवलं का मला?"

"ठेवलं, काकू. तुम्ही आता मजुरीत नाही. कापडात गेलात."

"कापडात?" काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "चादरींच्या यादीत?"

"त्यांच्याच शेजारी."

काकूंनी जरा विचार केला. मग पदराने नाक पुसलं, सुईत दोरा ओवला, आणि मामांकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलंत ना? मी आता हॉस्पिटलचं सामान आहे. दुपारी मला डबा खायला सावलीत नेऊन ठेवायचं, आणि उचलताना जपून."