यादीत नसलेल्या वड्या

धाकट्या जावेने शाळेतली कारकुनी सोडली ती मसाल्याच्या जिवावर. "माझा हा हिशोब चुकला तर शाळा परत दारात उभं करणार नाही," असं म्हणून सोडली. तेव्हापासून थोरली भाजायची, कुटायची. धाकटी फोनवर परदेशातल्या ऑर्डरी घ्यायची, पाकिटं सील करायची आणि खोक्यावरच्या यादीत मिरची, धने, हळद ग्रॅमसकट लिहायची.

"वहिनी, दूध, तूप, खवा यातलं बोटभरसुद्धा आत जाता कामा नये. तिकडचं कस्टम पकडतं."

थोरली मान डोलवायची. मान डोलवायला काय जातंय? पण परमुलखात राबणाऱ्या पोरांना नुसता कोरडा मसाला पाठवायचा, हे तिच्या मनाला पटेना. खोक्याला शेवटची चिकटपट्टी लावायचं काम तिचंच होतं. धाकटी पाठमोरी झाली की ती मसाल्याचं एक छोटं पाकीट बाहेर काढायची आणि तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या वड्या आत सरकवायची. सोबत चिठ्ठी: 'एक पाकीट कमी आहे, त्याऐवजी वड्या. कुणाला बोलू नका.' दोन वर्षं काट्यावर सगळं बरोबर भरलं. थोरलीला स्वतःच्या हुशारीचं मोठं कौतुक होतं.

मग एक दिवस कुरिअरवाल्याने दोघींना बोलावलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तिकडच्या तपासणीत एका खोक्यात यादीत नसलेला दुधाचा पदार्थ सापडला होता. त्यामुळे बरोबरचे सगळेच खोके उघडले गेले. सगळ्यांत तेच. माल जप्त करून नष्ट केला होता.

"आता तुमच्या नावाचा, तुमच्या पत्त्याचा प्रत्येक खोका उघडणार," तो म्हणाला. "मी घेणार नाही. दुसराही कुणी घेणार नाही."

धाकटी त्याच्याशी भांडली. कुणीतरी खोडसाळपणा केलाय, माझ्याकडून गफलत होणं शक्यच नाही, असं ती शपथेवर सांगत होती. घराच्या पायरीवर थोरलीने सगळं कबूल केलं आणि शिव्यांची वाट पाहत उभी राहिली.

आत जाऊन धाकटीने सगळ्या गिऱ्हाइकांना एकच निरोप धाडला. काम बंद होतंय, माफ करा. तिला आशा होती की दोघंतिघं तरी मसाल्यासाठी हळहळतील, ओळखीचं कुणी येणारं-जाणारं सुचवतील, काहीतरी मार्ग निघेल. उत्तरं भराभर आली. तिने एकेक वाचलं आणि फोन थोरलीच्या हातात दिला.

'अरेरे! आता वड्या कुठून मिळणार?'

'मसाला इथे दुकानात मिळतो हो, पण त्या वड्या...'

'आम्ही वड्यांसाठीच मागवायचो. चिठ्ठीत बोलू नका लिहिलं होतं म्हणून गप्प होतो.'

थोरली खालपर्यंत वाचत गेली. मसाल्यासाठी हळहळणारं एकही माणूस तिला सापडलं नाही.