हात वर झाल्याशिवाय

पंचकाकांचे गुडघे गेले आणि त्यांचा पांढरा कोट मुलीच्या अंगावर आला. पस्तीस वर्षं मैदानात उभं राहून पंचगिरी केलेला माणूस आता सीमारेषेबाहेर लाकडी टेबलाशी बसून धावा लिहायचा. क्लबाचं तेवढं काम त्यांनी मागून घेतलं होतं. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं.

आज अंतिम सामना होता. मुलीचा पंच म्हणून पहिलाच. जिल्ह्याच्या पंचांच्या यादीत तिला घ्यायचं की नाही हे आज ठरणार होतं, आणि ते ठरवणारे परीक्षक झाडाखाली खुर्ची टाकून मांडीवर वही घेऊन बसले होते. म्हणून काकूही आल्या होत्या. एवढ्या वर्षांत दर शनिवारी त्यांनी तो कोट धुतला, इस्त्री केली, पण मैदानाची पायरी कधी चढल्या नव्हत्या. आज लेकीसाठी आल्या आणि थेट काकांच्या टेबलाजवळ बसल्या. पाहुण्या संघाचा धावा लिहिणारा तापाने घरीच राहिला होता, त्यामुळे त्याची खुर्ची मोकळी होती.

काका मनातून हरखले. हिने विचारावं आणि आपण सांगावं, याची त्यांनी किती वाट पाहिली होती.

आणि काकू विचारत होत्या. दोन्ही हात आडवे पसरले, ते काय? वाइड, काका म्हणाले, फलंदाजाच्या आवाक्याबाहेरचा चेंडू, एक धाव फुकट, आणि चेंडू परत टाकायचा. एकच हात आडवा केला तर? नोबॉल, तोही परत टाकायचा. एक हात छातीसमोरून इकडून तिकडे हलवला, तो चौकार. दोन्ही हात डोक्यावर, तो षटकार.

"षटकार माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "ती लहानपणी उचलून घ्या म्हणायची, तेव्हा तश्शीच उभी राहायची."

आजूबाजूला सगळे नवेच प्रेक्षक होते, खेळाडूंचे घरचे. पंचाने हात हलवला की कशासाठी ते न बघता टाळ्या पिटायच्या, असं सकाळपासून चाललं होतं. एकदा गोलंदाज धावत निघाला आणि वाऱ्याने एक कागदी पिशवी नेमकी फलंदाजाच्या तोंडासमोर आणली. फलंदाज बाजूला झाला. मुलीने कमरेखाली दोन्ही मनगटं एकमेकांवरून दोन-तीनदा नेली. त्यालाही टाळ्या.

"हे तर तुमचं," काकू हसल्या. "सासूबाईंचं आणि माझं जुंपलं की जेवता जेवता करायचात."

"डेड बॉल," काका म्हणाले. "झालं ते धरायचं नाही. पहिल्यापासून सुरू."

"सासूबाई धरायच्या."

काकांनाही हसू आलं. ते स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सहा वर्षांची पोर फरशीवर पंच म्हणून उभी, अंगात त्यांचाच कोट, घोट्यापर्यंत लोळणारा. काका टेबलाशी कागद-पेन्सिल घेऊन. नियम त्यांनीच शिकवला होता. चेंडूचा खेळ संपला की पंचाने लिहिणाऱ्याकडे तोंड करून खूण करायची. लिहिणारा हात वर करतो, म्हणजे पाहिलं, लिहिलं. प्रत्येक खुणेला वेगळा हात. तो वर झाल्याशिवाय पुढचा चेंडू पडू द्यायचा नाही, लिहिणारा तुझा बाप असला तरी. एका संध्याकाळी तिने चौकार दिला आणि तेवढ्यात दारावर कुणी आलं. काका उठून गेले, बोलत बसले, विसरले. तासाभराने काकूंनी हाक मारली तेव्हा पोर तिथेच उभी होती, हात छातीवर, डोळे पाण्याने भरलेले. बाबांचा हात वर व्हायचाय, म्हणाली. जेवायलाही बसेना.

सामना शेवटच्या षटकावर आला. षटक मुलीच्या टोकाकडून होतं. तीन चेंडू उरले होते आणि सात धावा हव्या होत्या. सगळं मैदान उठून उभं राहिलं. गोलंदाजाने जीव तोडून चेंडू टाकला, तो लांबून गेला. मुलीने तिथल्या तिथे हात पसरले. काकांनी वाइड पाहिला आणि खाली मान घालून लिहायला घेतलं. यष्टिरक्षकाच्या हातून चेंडू सुटून मागे सीमारेषेकडे पळाला हे त्यांनी पाहिलंच नाही. आरडाओरडा झाला. त्यांना वाटलं, ही मंडळी वाइडलाही ओरडतात.

मान वर केली तेव्हा मुलगी टेबलाकडे तोंड करून पुन्हा हात पसरत होती. काकांनी हात वर केला.

"आत्ताच तर दिला होता तिने," काकू म्हणाल्या. "परत कशाला?"

प्रश्न इतका नेमका होता की काकांना राहवेना. ते वळले आणि सांगू लागले. पहिली खूण खेळाडूंसाठी असते, चेंडू चालू असतानाच. दुसरी माझ्यासाठी, चेंडू थांबल्यावर. म्हणजे लिहिणाऱ्याची चूक होऊ नये.

फलकावर पाटी पालटली. आता हव्या होत्या सहा.

मैदानात कुरबुर सुरू झाली. कर्णधार पंचाशी काहीतरी बोलला. गोलंदाज चेंडू हातात खेळवत ताटकळला. मागून कुणीतरी म्हणालं, बाई पुतळा झाली वाटतं. परीक्षकांनी वहीतून डोकं वर काढलं. काकांना वाटलं, पोर घाबरली की काय, आणि आजच?

काकूंनी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ती उभी आहे. त्या दिवशीसारखी."

काकांनी नीट पाहिलं. मुलीने हात हलवला, इकडून तिकडे, आणि छातीवर आणून थांबवला. चौकार. ती किती वेळा देत होती देव जाणे. वाइड आणि वर चौकार, म्हणजे एक नाही, पाच. त्यांनी खोडून पाच केले आणि हात वर केला. इतका वर की खांदा कळवळला.

मुलगी वळली. गोलंदाज धावत निघाला. सहाच्या जागी फलकावर दोन आले, आणि पुढच्याच चेंडूवर फलंदाजांनी दोन धावा पळून काढल्या. सामना संपला.

परीक्षक वही घेऊन टेबलाशी आले, पाठोपाठ मुलगी. शेवटच्या षटकात खेळ का थांबवला, त्यांनी तिला विचारलं.

"एका खुणेला हात वर आला होता, दुसरीला नाही," ती म्हणाली. कुणाचा ते बोलली नाही. बापाकडे बघितलंही नाही.

काकांनी धावांची वही पुढे सरकवली. खोडलेला एक आणि शेजारचा पाच बोटाने दाखवला. "चूक माझी," ते म्हणाले. "मी बोलत होतो. ती थांबली नसती तर चुकीचा संघ जिंकला असता."

परीक्षकांनी आकड्यांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाले, पुढल्या महिन्यात दोन सामने देतो, तयार राहा.

ते गेल्यावर मुलीने पंचाच्या जागी सही केली. मग पेन ठेवून म्हणाली, "बाबा, किती वेळ उभी होते माहीत आहे?"



"बाबांना बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "माझंच तोंड थांबत नव्हतं. पुढच्या वेळी मी पलीकडे बसेन, त्या झाडाखाली. यांच्याजवळ बसले की यांचं लक्ष जातं."

"म्हणजे पुढच्या वेळीही येणार तू?" काकांनी विचारलं.

घडी घालायला काकूंनी लेकीच्या अंगातून कोट काढून घेतला आणि मोकळा हात वर केला.