अठरा टक्के कशाचे

मृणालीला हिशोबाचा भारी तोरा. बी.कॉम. झालेली बाई, काल्हेरच्या नव्या इमारतीत राहून वेबसाइटवर गोधड्या विकते म्हटल्यावर तोरा असणारच. गोधड्या शिवायची जवळच्या पूर्णा गावातली रंगूबाई. कापड मृणालीचं, टाके रंगूबाईचे. दोन हजाराला गोधडी, आणि गेटवेवाल्यांनी कापून जे उरेल ते दोघींत अर्धं अर्धं. विक्रीवरचा कर मृणाली आपल्या वाट्यातून भरायची. वर्षापूर्वी ठरलं तेव्हा रंगूबाईने कागदही मागितला नव्हता.

गेटवे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन दोन दिवसांनी आपल्या खात्यात टाकणारी कंपनी. तिचे दोन टक्के, वर अठरा टक्के जीएसटी, असं मृणालीने कुठंतरी वाचलं आणि गणित मांडलं: दोन आणि अठरा, वीस. म्हणजे दोन हजारातले चारशे गेले, उरले सोळाशे, तुझे आठशे, माझे आठशे. रंगूबाईने पहिल्यांदा विचारलं होतं, एवढं कापतात का गं? मृणालीला राग आला. सरकार कापतं मावशी, मी नाही, असं तिने फटकन सांगून टाकलं. रंगूबाई बिचारी वरमली आणि परत कधी विचारलं नाही.

खात्यात पैसे एकेका ऑर्डरचे वेगळे थोडेच येतात! चार ऑर्डरींची एक रक्कम, त्यातच एखाद्या परत आलेल्या गोधडीचे वजा. जुळवत बसायचा कंटाळा. खात्यात पैसा खेळता राहायचा, त्याला मृणाली आपली हुशारी समजायची. त्याच जोरावर तिने हप्त्याने स्कूटरही घेतली.

यंदा रिटर्न भरताना भावेशने, तिच्या हिशोबनीसाने, गेटवेच्या फीची बिलं मागितली. फीवरचा जीएसटी आपल्याला वळता करून मिळतो, म्हणाला. म्हणून ती दुपारी गेटवेचा सेटलमेंटचा, म्हणजे जमा केलेल्या रकमांचा, तक्ता उघडून एकेक ऑर्डर जुळवायला बसली. पहिल्याच ओळीला अडली. तीन गोधड्या, सहा हजार. तिच्या हिशोबाने यायला हवे अठ्ठेचाळीसशे, आणि आले होते पाच हजार आठशे चौतीस रुपये ऐंशी पैसे. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे आले की काय, या भीतीने तिने ऑर्डरींचे नंबर पुन्हा ताडून पाहिले.

मग तिने तपशील उघडला. दोघांच्या कार्डाला दोन टक्के, तिसऱ्याच्या कार्डाला तीन. चाळीस, चाळीस, साठ. आणि त्या फीवर अठरा टक्के: सात वीस, सात वीस, दहा ऐंशी. अठरा टक्के फीवर होते गं बाई, गोधडीवर नव्हते! चारशे जातात म्हणून सांगितलं तिथं सत्तेचाळीस जात होते. उरलेले स्कूटरच्या हप्त्यात गेले होते, आणि त्यातले अर्धे रंगूबाईचे होते. तिचे वर्षभराचे दहा हजारांच्या वर निघाले. मृणालीचे कान तापले. घरात कुणी नव्हतं, तरी तिने लॅपटॉप झाकला.

भावेशला फोनवर सांगितलं तर तो हसला. त्यात काय ताई, रेट कमी झाला, मागचा फरकही मिळाला, असं सांगा आणि देऊन टाका. तिलाही ते पटलं. वाटेत स्कूटरवर तिने वाक्यं घोकूनसुद्धा ठेवली. शरम वाटते तेव्हा माणूस किती पटकन खोटं शिकतो!

रंगूबाई ओटीवर सुईत दोरा ओवत होती. पाकीट पुढं ठेवून मृणालीने घोकलेलं म्हणून दाखवलं. म्हातारीचा चेहरा असा काही उजळला! पैशांकडे तिने बघितलंही नाही.

"बरा झाला बाय. आता ठकूला सांगता येल."

ठकूबाई तिची पाठची बहीण, शेजारच्याच आळीत राहणारी. पहिले दोन महिने तीही शिवायला होती. एवढं कुणी कापत नाही, ही पोरगी तुला लुबाडते, असं म्हणून तिने काम सोडलं. त्यावर रंगूबाई तिला नाही नाही ते बोलली. शिकल्यासवरल्या पोरीवर आळ घेतेस, माझ्या दारात पाय ठेवू नको, असं सगळ्या आळीदेखत. स्वतःच्या पोरीच्या हळदीलासुद्धा तिने सख्ख्या बहिणीला बोलावलं नव्हतं. मृणाली त्या हळदीत नवरीच्या पाटाला लागून बसली होती.

घोकलेलं वाक्य मृणालीच्या तोंडात कडू झालं.

"मावशी, रेट नाही बदलला. पहिल्यापासून एवढाच होता. मीच चुकीचं लावलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा बघितलंसुद्धा नाही. ठकूबाई बरोबर बोलत होती."

शिव्या घातल्या असत्या तर मृणालीला सोसल्या असत्या. म्हातारीने हातातली गोधडी घडी करून बाजूला ठेवली, पदर डोक्यावरून पुढं ओढला, कुणी बघू नये असा.

"माज्यासंगं चल ठकूकडं," ती म्हणाली. "मना एकटीला तिच्या दारान जावाला तोंड न्हाय."

दोघी ओटीवरून उतरल्या. आळीतल्या बायका बघत होत्या, आणि पुढं चालणाऱ्या रंगूबाईची मान मृणालीपेक्षा खाली होती.