समाधानी गुडघे

आमच्या शाहूपुरीतल्या सर्व्हेच्या ऑफिसात एक प्रश्नावली आहे, ती आम्ही येईल त्या कामाला वापरतो. मुळात ती दुचाकीच्या शोरूमसाठी केलेली. खूप असमाधानी, असमाधानी, मधे ना हे ना ते, मग समाधानी, खूप समाधानी. सर्व्हिसिंग असो की हॉटेलातलं मटण, कागद तोच. आमचे मालक अभिनंदन सर म्हणतात, चालत्या गाडीचं इंजिन उघडू नये.

मीही उघडलं नसतं. पण या वेळी कागद मंगळवार पेठेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेला, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वॉर्डात. तिथल्या मुख्य सिस्टर अंजनाताई वर्षभर एकच मागत होत्या: रात्रपाळीला फक्त पेशंटच्या दुखण्याकडे बघणारी एक नर्स. ट्रस्टी म्हणाले, आधी पेशंटना विचारू. वेदना कमी करण्याच्या प्रयत्नांबद्दल किती समाधानी आहात? जवळजवळ सगळे समाधानी निघाले. म्हणजे नर्स नको. सोमवारच्या बैठकीत मागणी कायमची फेटाळली जाणार होती.

"माझा वॉर्ड खोटं बोलतोय का मी?" अंजनाताईंनी मला फोनवर विचारलं. मी उठले आणि थेट वॉर्डात गेले.

पहिल्याच खाटेवर धोंडुबाई. दोन्ही हातांनी खाटेचा दांडा धरलेला, कपाळावर घाम. कागदावर 'खूप समाधानी'.

"मावशी, दुखतंय का?"

"दुखतंय की. रातभर डोळ्याला डोळा न्हाय."

"मग समाधानी कशा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या घरात चप्पल घालून शिरले. "त्या पोरी मला पाणी पाजत्यात, पाय चेपत्यात. त्यांच्यावर तक्रार लिहू व्हय? खाल्ल्या घरचं वासं मोजायचं नसत्यात."

पलीकडच्या खाटेवर कल्लाप्पा. त्यांनी बरोबर मधलं उत्तर दिलं होतं.

"मला दुखलंच न्हाय," ते म्हणाले. "कशाचं समाधान आणि कशाचं असमाधान?"

मला हसूही आलं आणि रागही. आमच्या कागदाप्रमाणे तळमळणाऱ्या धोंडुबाई वर आणि न दुखलेले कल्लाप्पा खाली!

ऑफिसात परतल्यावर सर म्हणाले, "मग पाचाऐवजी सात पर्याय देऊ."

"सर, पायऱ्या वाढवून काय होणार? जिना चुकीच्या घराला लावलाय. समाधानाला उलटी बाजू आहे, असमाधान. त्या बाजूला खूण करणं म्हणजे कुणावर तरी बोट दाखवणं. आणि मधे बसणाऱ्याला काहीच वाटत नाही की दोन्ही वाटतं, तेही कळत नाही. दुखण्याला उलटी बाजूच नाही. ते शून्यापासून सुरू होतं आणि वाढतं. आपण फक्त किती ते विचारायचं."

"आणि शोरूमचं?"

"शोरूमला तो कागद ठीक आहे. गाडी नीट केली नाही तर माणूस भांडतो की. तिथं कुणाला भीड नाही."

सरांनी जुना कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "जा, विचार. सोमवारी मीच तुला पुढं करतो." जैन माणूस, शब्दाचा पक्का.

त्याच पेशंटना मी एकच प्रश्न विचारला. काल रात्री किती दुखलं? अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप, असह्य. निम्म्याहून जास्त जण 'खूप' आणि 'असह्य' वर गेले. समाधानी तर ते अजूनही होतेच.

सोमवारी बैठकीत अध्यक्ष हंबीररावांनी माझे दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले आणि मिशीवर हात फिरवला. "एकच माणूस समाधानीबी आणि असह्यबी? पोरी, ह्यातला एक कागद खोटा हाय."

"दोन्ही खरे आहेत साहेब. तुमचा गुडघा गेल्या वर्षी इथंच झाला ना? समाधानी आहात?"

"शंभर टक्के. अंजनाबाईंनी पोटच्या पोरासारखं बघितलं."

"आणि पहिल्या रात्री किती दुखलं?"

हंबीररावांनी गुडघ्यावर हात ठेवला. "उशीत त्वांड घालून रडलोय," ते म्हणाले. "कुणाला कळू दिलं न्हाय."

मग त्यांनी सहीसाठी पेन मागितलं. नर्स मंजूर. अंजनाताईंनी टेबलाखाली माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. मला दारात हलगी वाजवावीशी वाटली, खोटं कशाला सांगू!

पावसाळा सरल्यावर धोंडुबाई दुसऱ्या गुडघ्यासाठी आल्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले. त्या बिनघोर घोरत होत्या. जाग्या झाल्यावर विचारलं, "मावशी, रात्री किती दुखलं?"

"थोडं."

"आणि समाधानी?"

"व्हय की," त्या म्हणाल्या. "आदीबी व्हतेच की."