तथापिच्या पुढे

अठ्ठ्याहत्तर साली पंचवटीतल्या आमच्या शाळेच्या तपासणीला दिपोटी साहेब आले, तेव्हा मी चौथीच्या वर्गाला उतारा अर्धा झाकून वाचायला शिकवत होते. 'एकीकडे' आलं की पुढे 'दुसरीकडे' शोधायचं. 'प्रथम' आलं की 'नंतर'ची वाट बघायची. अडचण सांगितली की पुढे बहुधा उपाय येतो. आणि 'परंतु' दिसलं की गाडी उलटी फिरणार.

साहेबांना हा पोरखेळ वाटला. "पुढचं आधीच ओळखायला ही काय ज्योतिषाची शाळा आहे?" असं म्हणून ते स्वतःच हसले. मग वर बघत त्यांनी भाषण सुरू केलं, "मुलांनो, तुमचं छप्पर गळतं, पुस्तकं भिजतात, ही मोठीच अडचण आहे."

"आता उपाय!" अख्खा वर्ग ओरडला.

साहेब खाकरले. "परंतु..."

"बाई, परंतु आलं!" पुढे बसलेली शेवंता म्हणाली. "आता छप्पर नाही मिळत."

साहेबांनी वाक्य गिळलं आणि त्यावर दोन कप चहा घेतला. ते गेल्यावर हेडमास्तर शेरेबुकातून वाचू लागले, "बाईंची शिकवण्याची पद्धत उत्तम आहे, तथापि..."

मी म्हटलं, "झाका पुढचं. कळलं."