पहिल्या ॲनाफेजला बारा

माझ्या आत्याची नजर तिसाव्या वर्षी गेली. एकदम नाही, कडांकडून आत आकसत गेली आणि दीड वर्षात संपली. त्याआधी ती एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. कांद्याच्या मुळांची टोकं रंगवून काचपट्ट्या तयार करायची. नजर गेल्यावर कॉलेजने तिला काढलं नाही, पण फोनजवळ नेऊन बसवलं. "जोडून देते" आणि "साहेब जागेवर नाहीत" या दोन वाक्यांवर तिचा दिवस जायचा.

पदवीचा तिचा एक पेपर तेवढा राहिला होता, पेशीशास्त्राचा. अंध मुलांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि शाळेने आत्याला शब्द दिला होता. पदवी पूर्ण करा, जागा तुमची. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. मी अकरावीत होते.

परीक्षेला तिला लेखनिक लागणार होता. ती सांगणार, लेखनिकाने लिहायचं. नियम असा की लेखनिक खालच्या वर्गातला हवा. बाबा म्हणाले, "घरात असताना बाहेर कशाला शोधायचं?" माझं अक्षर चांगलं होतं. मला बरंही वाटलं. शाळेत कुणी मला कधी कशासाठीच निवडलं नव्हतं.

महिनाभर मी रोज संध्याकाळी तिच्या खोलीवर जायचे. एकच खोली, खिडकीशी टेबल, भिंतीला टेकून पलंग. तिच्या वाटेत येईल अशी एकही वस्तू जमिनीवर नसे. अभ्यासाला तिने टिचबटणं आणली होती, ब्लाउजला लावतात ती. ती टेबलावर ओतायची आणि बोटांनी वेगळी करायची.

"हे बघ," ती म्हणायची. आंधळी झाल्यावरही ती "हे बघ"च म्हणायची. "बटणाची एक चकती म्हणजे एक क्रोमॅटिड. पेशी विभागायच्या आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. म्हणजे दुसरी चकती आली आणि टच्चकन बसली. आता गुणसूत्रं किती?"

"दोन?"

"चकत्या दोन. बटण एक. जोवर टिचलेलं आहे तोवर एकच मोजायचं. सुटलं की दोन. एवढं एक डोक्यात ठेवलं ना, की सगळं आलं."

समसूत्री विभाजन, एका पेशीच्या तशाच दोन पेशी होतात ते, मला लगेच कळलं. आमच्या वर्गातही तेच चाललं होतं. बटणं एका ओळीत येतात, मग ॲनाफेजच्या अवस्थेत प्रत्येक बटण टचकन उघडतं, एक चकती इकडे, एक तिकडे. गुणसूत्रांचा आकडा त्या क्षणी दुप्पट. मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, "ॲनाफेज म्हणजे डबल!" आत्या हसायची.

अर्धसूत्री विभाजन आलं की मला कंटाळा यायचा. तिथे एकाच मापाची दोन बटणं जोडीने उभी राहायची, विभाजन दोनदा व्हायचं, आणि मी घड्याळाकडे बघायचे. आत्याला ते कळायचं. "जा तू, उशीर होतोय. हे मी करते," ती म्हणायची. मी जायचे.

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली दिली होती. दोन बाकं, एक टेबल, दारापाशी पर्यवेक्षक बाई. त्यांनी बजावलं, "ती सांगेल तेच लिहायचं. आपलं डोकं चालवायचं नाही." मी मान हलवली.

पेपर चांगला चालला होता. चौथा प्रश्न मी वाचून दाखवला. एका प्राण्याच्या पेशीत गुणसूत्रांची द्विगुणित संख्या बारा आहे. समसूत्री आणि अर्धसूत्री विभाजनाच्या प्रत्येक अवस्थेत गुणसूत्रं किती, क्रोमॅटिड किती, तक्ता भरा. आत्याचा चेहरा खुलला. टेबलावर बटणं नव्हती, तरी तिची बोटं हलायला लागली.

"समसूत्री. प्रोफेज, गुणसूत्रं बारा, क्रोमॅटिड चोवीस. मेटाफेज, तेच. ॲनाफेज, चोवीस आणि चोवीस, कारण सुटली. टेलोफेज, प्रत्येक केंद्रकात बारा, आता एकेरी."

मी लिहिलं.

"अर्धसूत्री. पहिला प्रोफेज, बारा, चोवीस. पहिला मेटाफेज, बारा, चोवीस. पहिला ॲनाफेज, बारा, चोवीस."

माझा हात थांबला. ॲनाफेज म्हणजे डबल. आत्ताच तर तिने चोवीस सांगितलं होतं. घाईत चुकली, असं मला वाटलं. वर्षभराची तिची मेहनत, जूनची नोकरी, आणि एका आकड्यावर सगळं जाणार. मी पर्यवेक्षक बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी लिहिलं, चोवीस, चोवीस.

"लिहिलंस?"

"हो."

"पहिला टेलोफेज, प्रत्येक पेशीत सहा, क्रोमॅटिड बारा."

पण चोवीसचे दोन भाग बारा होतात. वरच्या ओळीत चोवीस लिहून खाली सहा लिहिलं तर वेड्यासारखं दिसलं असतं. मी बारा, बारा लिहिलं. दुसरा प्रोफेज, ती म्हणाली सहा आणि बारा, मी बारा आणि चोवीस केलं. दुसऱ्या मेटाफेजला तसंच. दुसरा ॲनाफेज, ती म्हणाली, "आता बारा, आणि इथे सुटली बरं का." मी चोवीस केलं. शेवटी ती म्हणाली, "चार पेशी, प्रत्येकीत सहा. निम्मी झाली."

माझ्या तक्त्यात बारा येत होती. निम्मी झालीच नव्हती. तेव्हा कुठे मला माझी चूक दिसली. ते अर्धसूत्री विभाजन होतं, अर्धं होणं हाच त्याचा सगळा अर्थ होता, एवढं मलाही कळत होतं. पण शाईने लिहिलेल्या पाच ओळी खोडायच्या म्हणजे खाडाखोड, आणि खाडाखोडीबद्दल विचारलं तर काय सांगणार? मी बारा लिहिलं.

"वाच एकदा," आत्या म्हणाली.

मी वाचला. तिने सांगितला होता तसा, शब्दन् शब्द. कागदावर काय आहे त्याकडे न बघता.

निकालात तिला छत्तीस मिळाले. पास व्हायला चाळीस हवे होते.

"तक्त्याचे बाराच्या बारा गुण धरले होते गं मी," ती एवढंच म्हणाली. मग तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती आली त्या दिवशी मला बोलावलं. मी पानं उलटली. चौथ्या प्रश्नावर लाल शाईत सहा फुल्या, बारापैकी सहा गुण.

"वाच, तक्ता वाच."

मला तेव्हाही सांगता आलं असतं. ती पलंगावर बसली होती, हात मांडीवर, चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने. मी वाचला. पहिला ॲनाफेज, बारा.

"बरोबर आहे की!" ती उठलीच. "मग गुण कुठे गेले? तपासणाऱ्याला पहिला आणि दुसरा ॲनाफेज कळत नाही का? पहिल्यात जोड्या फुटतात, बटणं फुटत नाहीत. सहा इकडे, सहा तिकडे, पेशीत मिळून बाराच. उद्या जाऊ आपण."

"आत्या, राहू दे ना. पुढच्या वेळी दे."

"का राहू दे? बरोबर असून?"

रात्रभर मी ताप यावा म्हणून वाट पाहिली. आला नाही.

परीक्षा विभागात लांबलचक काउंटर होतं. मागे दहा-बारा टेबलं, आमच्या मागे रांग. आत्याने कडक इस्त्रीची साडी नेसली होती. तिने काउंटरची कड चाचपली, झेरॉक्स पुढे सरकवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझं उत्तर बरोबर असताना गुण कापलेत. चौथा प्रश्न."

कारकुनाने आतून एका अधिकारी बाईंना बोलावलं. त्या याच विषयाच्या प्राध्यापिका होत्या, शांतपणे बोलत होत्या. त्यांनी पान पाहिलं. "अहो, पहिल्या ॲनाफेजला तुम्ही चोवीस लिहिलंय."

"बारा."

"चोवीस आहे. आणि टेलोफेजला बारा. दुसऱ्या ॲनाफेजला परत चोवीस. शेवटी बीजपेशीतही बारा. असं असतं तर पुढच्या पिढीत चोवीस झाली असती की."

रांगेतला कोणीतरी हसला. आत्याची मान माझ्याकडे वळली. फार नाही, थोडीशीच. मी तिचा दंड धरला होता, तो तिने सोडवून घेतला नाही, पण तो हाडासारखा कडक झाला.

प्राध्यापिकांनी आवाज खाली आणला. "लेखनिकाने बदललं असेल तर तसं लेखी द्या. पण मग तो गैरप्रकार होतो. लेखनिकावर कारवाई होईल, परीक्षेला बसण्यावर दोन वर्षं बंदी येते. आणि तुमचा पेपर रद्दच होईल, गुण काही मिळणार नाहीत. लेखनिक कोण होतं?"

ही मुलगी, असं तिला म्हणता आलं असतं.

"कुणी बदललेलं नाही," आत्या म्हणाली. "मीच तसं सांगितलं असेन. माझाच गोंधळ झाला."

"होतं असं. पहिला आणि दुसरा ॲनाफेज यात भलेभले गोंधळतात," प्राध्यापिका समजुतीने म्हणाल्या. ती समजूत ऐकून घेताना आत्याचा चेहरा मी पाहिला. काचपट्टीवर शेकडो पेशी मोजलेली बाई ती.

आम्ही रस्त्यावर आलो. फुटपाथ खोदलेला होता, म्हणून मी "पायरी" म्हणाले, "खड्डा" म्हणाले. मग मीच रडायला लागले.

"मला वाटलं तू चुकलीस. मला तुला वाचवायचं होतं."

"विचारायचं होतंस. पुन्हा सांग म्हणायची परवानगी होती."

"हो."

"आणि नंतर दोनदा वाचून दाखवलंस. तेव्हा कुणाला वाचवत होतीस?"

"पायरी," मी म्हणाले. तिने तो प्रश्न परत विचारला नाही.

जूनमध्ये त्या शाळेत दुसरे कोणीतरी लागले. पुढच्या परीक्षेचा फॉर्म आत्याने भरला नाही. बाबांनी खूप आग्रह केला. ती म्हणाली, "आता डोक्यात राहत नाही रे, दादा." बाबांना ते खरं वाटलं. त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं की बिचारीची बुद्धीही मंदावली आता. मी तिथेच ताटं पुसत उभी होते.

दोन वर्षांनी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिला माहीत आहे?"

"हो."

"मग मला कशाला सांगितलंस?" ते म्हणाले, आणि उठून गेले.

आत्या माझ्याशी कधी वाईट वागली नाही. मी गेले की चहा टाकते, कामाचं विचारते, माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवते. परवा मी बसलेली असतानाच दारात विजेचं बिल आलं. मी सवयीने हात पुढे केला. तिने पाकीट चाचपून घेतलं, नीट दुमडलं आणि पर्समध्ये ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या कॉलेजात कुणाकडून तरी वाचून घेईन."